अमोनियाचे मराठी सुरक्षा पत्रक: भिंतीवर लावण्याआधी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ जूनपासूनची मासेमारी बंदी ३१ जुलैला उठते आणि मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवणच्या बंदरांवर बर्फाची मागणी एकदम वाढते. त्याआधी बर्फ कारखान्यांत कंप्रेसरची दुरुस्ती होते, व्हॉल्व्हची पॅकिंग बदलतात, यंत्रणेत नवा अमोनिया भरला जातो. याच काळात भिंतीवरचे मराठी सुरक्षा पत्रकही बदलावे, अशी कारखानदारांना आणि शीतगृहांच्या व्यवस्थापकांना विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अनेक ठिकाणची पत्रके इंग्रजी पत्रकांवरून मराठीत केलेली आहेत खरी, पण त्यांतल्या काही ओळींवर कोणी अक्षरशः चालला तर जखम वाढेल.

पहिली चूक भाषांतर सुरू होण्याआधीच झालेली असते. बर्फ कारखान्याच्या पाइपांतून फिरतो तो निर्जल अमोनिया, म्हणजे दाबाखाली द्रवरूप केलेला शुद्ध वायू. बाजारात त्याला ‘लिक्विड अमोनिया’ म्हणतात. ‘लिकर अमोनिया’ ही वेगळी वस्तू. ते अमोनियाचे पाण्यातले द्रावण. नावे इतकी जवळची की शोधणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा लिकरचे इंग्रजी पत्रक लागते आणि त्याचेच मराठी होते. म्हणून मूळ पत्रकाचा चौदावा भाग, वाहतुकीचा, आधी उघडावा. तिथे वाहतुकीचा क्रमांक UN 1005 असेल तर पत्रक निर्जल अमोनियाचे आहे. UN 2672 असेल तर ते द्रावणाचे आहे. बाजूला ठेवावे आणि गॅस पुरवणाऱ्याकडून योग्य पत्रक मागून घ्यावे. रसायनाची ओळख सांगणाऱ्या केवळ CAS क्रमांकावर विसंबू नये. निर्जल अमोनियाचा क्रमांक 7664-41-7 आहे, पण द्रावणाच्या पत्रकातही घटकांच्या तक्त्यात तो कधी कधी छापलेला असतो.

हा फरक कागदोपत्री नाही. द्रावणाच्या पत्रकात ‘माखलेले कपडे ताबडतोब उतरवा’ आणि ‘सांडलेल्यावर पाणी ओतून पातळ करा’ अशा सूचना असतात, आणि द्रावणासाठी त्या ठीकही आहेत. निर्जल अमोनिया मात्र उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. तो द्रवरूपात अंगावर उडाला की कातडी भाजते आणि त्याच क्षणी गोठतेही. शर्ट कातडीला चिकटून बसतो. तो ओढून काढला तर कातडीही सोबत येते. म्हणून आंतरराष्ट्रीय रासायनिक सुरक्षा कार्डावर अमोनियाच्या हिमदाहासाठी स्पष्ट सूचना आहे: भरपूर पाण्याने धुवा, कपडे काढू नका. खबरदारीच्या प्रमाणित वाक्यांतले P336 सांगते की गोठलेला भाग कोमट पाण्याने सैल होऊ द्यावा आणि चोळू नये.

पुरवठादारांच्या काही इंग्रजी पत्रकांत मात्र दोन्ही सूचना एकाखाली एक असतात. आधी कपडे ताबडतोब उतरवा, खाली गोठलेला भाग चोळू नका. इथे अनुवादकाने आपल्या मनाने मेळ घालू नये, एक ओळ गाळूही नये. पुरवठादाराला लेखी विचारावे आणि त्याचे उत्तर आल्यावर क्रम ठरवावा. उत्तर सहसा असे येते, आणि मग मराठी असे व्हावे: ‘लगेच भरपूर पाणी ओतायला सुरुवात करा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. पाणी ओतत राहा आणि तो आपोआप सुटा झाल्यावरच काढा. चोळू नका. डॉक्टरकडे न्या.’ ‘चिकटला असेल तर’ ही अट वाक्याच्या सुरुवातीलाच हवी. ती शेवटी टाकली तर घाबरलेला माणूस तिथपर्यंत वाचत नाही.

सांडलेल्या द्रवाची गोष्टही तशीच. ‘पाणी मारा’ ही दोन शब्दांची सूचना बऱ्याच भिंतींवर आहे. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाण्याची धार सोडली तर त्याला उष्णता मिळते आणि तो झपाट्याने उकळून आणखी वायू सुटतो. तेल काढण्याच्या व्हॉल्व्हखाली सांडलेले डबके होजने धुवायला जावे आणि खोली वायूने भरावी, हे असेच होते. मूळ सूचना दोन वेगळ्या गोष्टी सांगते: द्रवावर पाण्याची धार कधीही सोडू नका, हवेतला वायू खाली बसवायला बारीक फवारा वापरा. मराठीत ही दोन स्वतंत्र वाक्ये हवीत, ‘धार’ आणि ‘बारीक फवारा’ हे शब्द जसेच्या तसे ठेवून. आणि फवाऱ्याचे पाणी गटारातून खाडीत जाऊ देऊ नये, कारण H400 हे धोक्याचे प्रमाणित वाक्य सांगते की अमोनिया जलचरांना अतिशय विषारी आहे. बंदरालगतच्या कारखान्यात ही ओळ गाळणे परवडणारे नाही.

आता धोक्याच्या वाक्यांबद्दल. इंग्रजीत ती ठरावीक आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. H330, H331 आणि H332 ही श्वासातून होणाऱ्या विषबाधेची उतरती भाजणी आहे. मराठीत त्या तिन्हींना तीन वेगळे शब्द द्यावे लागतात: प्राणघातक, विषारी, हानिकारक. निर्जल अमोनियाचे वाक्य H331 आहे, म्हणून ‘श्वासातून गेल्यास विषारी’. ‘घातक’ हा शब्द इथे वापरू नये. सरकारी मराठीत ‘घातक रसायने’ म्हणजे सगळीच धोकादायक रसायने, तर बोलण्यात घातक म्हणजे जीव घेणारे. वाचणाऱ्याला नेमके काय ते कळत नाही. उलट दिशेची चूक H314 मध्ये होते. ‘त्वचा व डोळ्यांची जळजळ’ असे लिहिलेले दिसते, पण जळजळ म्हणजे H315 आणि H319. H314 चा अर्थ ‘कातडी गंभीर भाजते आणि डोळ्यांना गंभीर इजा होते’. जळजळ वाचणारा डोळा चोळून कामाला लागेल. गंभीर इजा वाचणारा पाण्याकडे धावेल आणि किमान १५ मिनिटे पापण्या उघड्या धरून धुवत राहील. म्हणून मराठी वाक्याशेजारी मूळ क्रमांक रोमन अक्षरांतच छापावा. डॉक्टर, कारखाना निरीक्षक किंवा पुढचा अनुवादक त्यावरून लगेच पडताळू शकतो.

प्रथमोपचारात घरगुती भर घालण्याचा मोहही टाळावा. अमोनिया अल्कली, म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावा, ही ओळ मूळ पत्रकात कुठेही नसते. तिथे फक्त पाणी आहे. शिवाय वायू लागलेल्या माणसाबद्दलची एक ओळ बहुतेक मराठी पत्रकांत हरवते: फुप्फुसांत पाणी होण्याची लक्षणे काही तासांनंतरही दिसू शकतात. मोकळ्या हवेत आणून अर्धवट बसते ठेवा, विश्रांती द्या आणि बरे वाटले तरी डॉक्टरच्या देखरेखीखाली ठेवा, हे सगळे लिहायला हवे. ‘बरे वाटले तरी’ हे शब्द मराठीत मुद्दाम घालावेत. अर्थ मूळचाच आहे. नाहीतर तासाभरात सावरलेला माणूस घरी जातो आणि रात्री धाप लागते.

हवेतल्या मर्यादांचा तक्ता सर्वांत सोपा वाटतो आणि तिथेच आकडा अर्थ गमावतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत अमोनियासाठी आठ तासांची सरासरी २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, आणि अल्पकाळाची मर्यादा ३५ पीपीएम छापलेली होती. नुसते ‘मर्यादा २५ ते ३५’ असे लिहिले तर वाचणारा ३५ वर दिवसभर काम करील. पहिल्या आकड्यापुढे ‘आठ तासांच्या पाळीची सरासरी’ आणि दुसऱ्यापुढे ‘एका वेळी १५ मिनिटे, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही, दोन वेळांमध्ये किमान ६० मिनिटांचे अंतर’ हे पूर्ण लिहायला हवे. तिसरा आकडा ३०० पीपीएम काही पत्रकांत असतो. ती काम करण्याची मर्यादा नव्हे. त्या पातळीला जिवाला तत्काळ धोका आहे. तो तक्त्याच्या त्याच रांगेत ठेवू नये.

हे आकडे दर घनमीटर मिलिग्रॅममध्येही दिलेले असतात, २५ समोर १८ आणि ३५ समोर २७. हिशेब केला तर ३५ पीपीएमचे सुमारे २४ येतात. तरी अनुवादकाने तो आकडा सुधारू नये. मुळात जो छापला आहे तोच उतरवावा आणि शंका असेल तर पत्रक देणाऱ्याला कळवावी. एक बारीक पण खरी अडचण देवनागरी अंकांची. हवेतला वायू मोजणाऱ्या मीटरवर 35 असे दिसते, आणि कंप्रेसरवर काम करणारे अनेक जण महाराष्ट्राबाहेरचे असतात. देवनागरी १ त्यांना 9 वाटू शकतो. तक्त्यातले आकडे मीटरवर दिसतात तसेच ठेवावेत.

आणखी एक शब्द: गळती थांबवायला आत जाणाऱ्यासाठी पत्रक ‘मास्क’ सांगत नाही. ते पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा श्वसन संच सांगते. मराठीत ‘मास्क लावून आत जा’ झाले की कापडी मास्क लावून कोणीतरी आत जातो.

मसुदा तयार झाला की इंग्रजी पत्रक न पाहिलेल्या कंप्रेसर ऑपरेटरला तो वाचायला द्यावा आणि विचारावे, ‘अंगावर उडाला तर आधी काय करशील? शर्टाचे काय करशील? होज कुठे धरशील?’ त्याने दिलेले उत्तर इंग्रजी पत्रकाशी जुळले नाही तर मराठी वाक्य बदलावे, ऑपरेटरला दोष देऊ नये. पत्रकावर मूळ पत्रकाची सुधारणा तारीख, पुरवठादाराचा आपत्कालीन फोन आणि १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक वर मोठ्या अक्षरांत असावा. पुरवठादार बदलला की हे सगळे पुन्हा तपासावे.

आपल्याकडेही एक विनंती. अमोनिया गळतीची बातमी छापताना सोबतच्या चौकटीत नेहमीच्या सर्वसाधारण सूचनांऐवजी चिकटलेले कपडे, पाण्याची धार आणि उशिरा दिसणारी लक्षणे या तीन ओळी छापाव्यात.

आपला,
एक तांत्रिक अनुवादक, रत्नागिरी