वीज गेली की वीस मिनिटांत इंटरनेट बंद : कॅबिनेटची बॅटरी तपासण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी डिचोली तालुक्यात राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीचं बिलिंगचं काम घरून करते. तुमचं फायबर कनेक्शन त्यासाठीच घेतलं. पावसात आमच्याकडे तारांवर फांद्या पडतात, वीज जाते. ती तक्रार तुमच्याकडे नाही. राउटरला मी स्वतःच्या खर्चाने छोटा यूपीएस लावलाय, तो चार तास चालतो. तरीही वीज गेल्यावर वीसेक मिनिटांत LOS चा दिवा लाल होतो.

गेल्या मंगळवारी मॅनेजरना पाठवलेला मेसेज जसाच्या तसा देते:

"सर, 9.10 ला वीज गेली, 9.30 ला नेटही गेलं. दहाच्या मीटिंगला मोबाइलवरून येते, पण फक्त बोलता येईल, स्क्रीन शेअर होणार नाही. लॅपटॉपची बॅटरी साडेबारापर्यंत पुरेल. तोवर वीज आली नाही तर म्हापशाला बहिणीकडे जाते. 12.30 ते 2 प्रवासात, फोन लागेल. 2 ते 8 पूर्ण वेळ कामावर. आजची बिलं रात्रीच शेअर्ड फोल्डरमध्ये टाकलीत, त्यामुळे कुणाचं अडणार नाही."

महिन्यातला हा असा तिसरा मेसेज. सर समजूतदार आहेत, पण या वेळी म्हणाले, "तुझी अडचण खरी आहे गं, पण क्लायंटला मी किती वेळा हेच सांगू?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रत्येक वेळी तुमचा माणूस "केबल तुटली असेल" किंवा "घरचा राउटर बघा" म्हणतो. मी तीनही वेळच्या वेळा लिहून ठेवल्यात. LOS लाल म्हणजे तुमच्याकडून येणारा प्रकाशच माझ्यापर्यंत पोचत नाही. राउटर बंद असता तर एकही दिवा लागला नसता. आणि केबल तुटली असती तर वीज आल्यावर पाच-सात मिनिटांत कुणी हात न लावता दिवा हिरवा झाला नसता. शेजारच्या दोन्ही घरांत नेट त्याच मिनिटाला जातं. म्हणजे आमच्या वाड्याला लाइन देणाऱ्या तुमच्या कॅबिनेटचा बॅकअप वीस मिनिटांत बसतो. बहुतेक बॅटरी संपली आहे.

म्हणून ती बॅटरी जागेवर येऊन, वीज बंद करून, लोड देऊन तपासा. नुसता व्होल्टेज बघून "ठीक आहे" लिहू नका, कारण जुनी बॅटरी चार्जिंगवर असताना व्होल्टेज बरोबरच दाखवते. मागच्या दोन्ही तक्रारी मला फोन न करता "निराकरण झाले" म्हणून बंद केल्या. या वेळी माझ्याशी बोलल्याशिवाय बंद करू नका. बंद असलेल्या दिवसांचं भाडंही बिलातून वजा करावं.

तक्रारीचा डॉकेट क्रमांक एसएमएसने पाठवा. निराकरण झालं नाही तर मी तुमच्याच अपील प्राधिकरणाकडे जाईन. तपासणीला कधीही या. मी सकाळी 8 ते 9.30 आणि संध्याकाळी 7 नंतर घरी मोकळी असते, एरवी फोनवर आहेच.

आपली,
एक ग्राहक, डिचोली