मोबाइल चोरणाऱ्या मुलाबद्दल

प्रिय ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू इतका तावातावाने बोलत होतास की मी नुसतं ऐकून घेतलं. टपरीवरून तुझा मोबाइल उचलणारा मुलगा पंधरा वर्षांचा निघाला आणि पोलिसांनी एफआयआर न घेता त्याला आईबरोबर घरी पाठवलं. "चोराला मोकाट सोडतात का गं?" असं विचारलंस.

मोकाट नाही रे. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि गुन्ह्यात सोबत प्रौढ नसतील, तर अठराच्या आतल्या मुलावर एफआयआर होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद होते, पोलीस त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल लिहितात आणि कागद बाल न्याय मंडळाकडे जातात. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते बसतात. त्याला त्यांच्यापुढे उभं राहावंच लागेल.

मंडळ मग माझ्यासारख्या परिविक्षा अधिकाऱ्याला घरी पाठवतं. एकदा दुचाकी चोरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाकडे गेले होते. चोरी त्याची, पण गाड्या विकणारे दोघे मोठे, त्याच्याच गल्लीतले. खरं तर मुलाला जामीन मिळणं हाच नियम, पण घरी सोडलं तर तो पुन्हा त्यांच्याच हाती जाईल, असं मी अहवालात लिहिलं. म्हणून तो निरीक्षणगृहात राहिला. लोक अजून रिमांड होम म्हणतात आणि तुरुंगच समजतात. बाहेर पडता येत नाही हे खरं, पण ती शिक्षा नव्हे. चौकशी होईपर्यंत ठेवण्याची जागा.

समुपदेशकासमोर पहिले काही दिवस तो गप्पच होता. "चोरी का केलीस" हे तिने विचारलंच नाही. शाळा कधी सुटली, एवढंच विचारलं. सातवीत. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा. शेवटी मंडळाने त्याला वर्षभर माझ्या देखरेखीखाली घरी सोडलं आणि दुचाकी दुरुस्तीच्या वर्गाला घातलं. सहा महिने नीट आला, मग दांड्या. दोनदा मी त्याला घरून उठवून नेलं. माझ्याकडे तेव्हा इतकी मुलं होती की दर आठवड्याला प्रत्येकाकडे जाणं जमायचं नाही. या व्यवस्थेतली खरी गळती तिथे आहे, जामिनात नाही.

सोळा ते अठरा वयाच्या मुलाने खून किंवा बलात्कार केला, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याची समज तपासून खटला प्रौढांसारखा चालू शकतो. पण तुझा चोर त्यात बसत नाही.

आता एक विचारते. त्याचा फोटो हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकलास का? टाकला असशील तर हे वाचताक्षणी काढ आणि बाकीच्यांनाही काढायला सांग. त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तू एकोणीस वर्षांचा आहेस, तुला मंडळ नाही, कोर्ट लागेल.

मोबाइलचं बिल शोधून ठेव, परत घेताना मागतील.

तुझी,
आई