मिठाचं मोलर वस्तुमान 32 कसं आलं?

प्रिय सुहास,

तुझा रिपोर्ट वाचला. युरियाचं मोलर वस्तुमान 60.7 आलं, ते ठीकच. मिठाचं 32 आलं तिथे मात्र तू 'प्रायोगिक त्रुटी 45 टक्के' असं लिहून मोकळा झालास. ती ओळ आधी खोड. तुझं वाचन बरोबर आहे, गृहीतक चुकलंय.

आकडे पुन्हा मांडू. 50.0 ग्रॅम पाण्यात 1.46 ग्रॅम मीठ, म्हणजे किलोमागे 29.2 ग्रॅम. गोठणबिंदू 1.69 अंशांनी उतरला. पाण्याचा Kf 1.86 धरून M = 1.86 × 29.2 / 1.69 = 32.1. खरा आकडा 58.44. आता गोम अशी, की गोठणबिंदू किती उतरणार हे पाण्यात कण किती आहेत त्यावर ठरतं. ते कण कसले आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात, कण जवळपास दुप्पट होतात आणि सूत्राला वाटतं की रेणूच हलका आहे. 58.44 ला 32.1 ने भाग: 1.82. हाच व्हॅन्ट हॉफ गुणक, आणि रिपोर्टमध्ये उत्तर म्हणून हाच लिही.

परीक्षक लगेच विचारतील, पूर्ण 2 का नाही? 'मीठ अर्धवट सुटं झालं' असं लिहू नकोस. ते पाण्यात पूर्ण सुटं होतं. पण विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना ओढत राहतात, त्यामुळे ते पूर्ण स्वतंत्र कणांसारखे वागत नाहीत. द्रावण पातळ केलं की ही ओढ कमी होते: 0.1 मोललला गुणक 1.87 च्या आसपास जातो. तुझ्या थर्मामीटरवर मात्र हे दाखवायला जाऊ नकोस. तिथे उतार जेमतेम 0.35 अंश, आणि 0.01 अंशाची चूक गुणकात 0.05 चा फरक पाडते; म्हणजे दाखवायचा तेवढाच. त्यापेक्षा मॅग्नेशियम सल्फेट घे. त्याचेही दोनच आयन, पण भार दुप्पट, त्यामुळे 0.1 मोललला गुणक 1.2 च्या आसपासच राहतो. हा फरक लपत नाही.

एक शंका तुझ्या आलेखावरून येते. द्रावण गोठण्याआधी जास्तच थंड झालं (अतिशीतन) आणि तू वक्राचा तळ वाचलास, तरीही उतार जास्त आणि वस्तुमान कमी येतं, म्हणजे चूक मिठासारखीच दिसते. म्हणून तळ वाचू नकोस. बर्फ धरल्यावर वक्र वर उसळून हळूहळू उतरत जातो. ती उतरती रेघ मागे वाढव आणि थंड होण्याच्या पहिल्या रेघेला जिथे छेदेल, तो गोठणबिंदू. ढवळणं थांबवू नकोस. शुद्ध पाण्याचा बिंदूही त्याच थर्मामीटरने घे, 0 गृहीत धरू नकोस.

चूक वाचण्याची असती तर युरियाचा आकडाही खाली घसरला असता. तो 60.06 च्या जवळ राहिलाय, हे चर्चेत पहिल्याच वाक्यात लिही.

तुझा,
विनय