पट्टा पडायच्या आधी

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "बघतो दादा" म्हणालास आणि ठेवलास, म्हणून लिहितोय. वरच्या आळीचा ट्रॅक्टर तिकडं निघालाय, त्याच्या हाती देतो.

उसाचा हंगाम संपला, पट्टा आठ दिवसांत पडतोय म्हणे. हिशोब झाल्याबिगर कशावरही सही करू नको. एवढंच सांगायचं होतं.

सुनबाईच्या वहीचे आकडे मी इथं मांडले. उचल 1,00,000 आणि अठरा आठवड्यांची खर्ची 18,000, म्हणजे अंगावर 1,18,000. तुमच्या कोयत्याच्या वाटणीला 240 टन. टनाला 366 नं 87,840. बाकी राहिली 30,160. पण शेवटच्या तीन खेपांच्या वजनपावत्या अजून आल्या नाहीत. वीस टनाच्या गाडीत दहा कोयते, म्हणजे खेपेला दोन टन तुमचे. सहा टनांचे 2,196 त्यातून उतरतात. मुकादम घाई करील, "पावत्या मागून देतो" म्हणील. पावत्या येईस्तोवर बस.

दुसरं, खाडे. तो नऊ खाडे लावतोय, दिवसाला 500. त्यातले चार दिवस गाडीच आली नव्हती, वहीत लिहिलंय. ते खाडे आपले नव्हेत. आणि ज्या दिवशी तोडलंच नाही त्या दिवसाचे टनही मिळाले नाहीत, मग वर दंड कशाचा? भांडू नको, वही पुढं ठेव. त्याचं कमिशन कारखाना वेगळं देतो, तेही आपल्या टनात येत नाही.

भाषण झालं, राग मानू नको. तू माझ्यापेक्षा शिकलेला आहेस. तुझी आई तर म्हणते, पोराला लहान समजू नका.

पण मी तुझ्याएवढाच होतो. फडातून घरी यायची ओढ, तुझी ताई अंगावर पिती, पाच हजार कमी होते म्हणून शंभराच्या कोऱ्या स्टॅम्पवर सही केली. पुढच्या साली त्याच कागदावर चाळीस निघाले. तीन हंगाम त्यातच गेले, आणि ताईचं काय झालं ते तुला माहीतच आहे.

म्हणून सही नको, बाळू. राहील ती बाकी वहीत लिहून त्याची सही घे, तारखेसकट. नवी उचल तिथंच हातात ठेवली तरी घेऊ नको. दसऱ्याला बघू. आधीचा कागद त्याच्याकडं आहे, तो फिटल्यावर परत माग, नाहीतर फाडून दे म्हण.

वाढ्यांचे पैसे सुनबाईकडं राहू दे. पिंट्याचा खोकला कसा आहे, ते फोनवर सांगितलंच नाहीस. पुन्हा लिहितो, कोऱ्या कागदावर—जाऊ दे. कोपीची ताडपत्री घडी घालून आण, आपली आहे.

तुझा,
दादा