रिसेप्शनच्या हील्सबद्दल

प्रिय सोनल,

दादाच्या रिसेप्शनला हील्स घालायच्याच असं तुझं पक्कं दिसतंय. घाल, पण तू फोटो पाठवलायस त्या चार इंची पेन्सिल हील्स नकोत. समारंभ लॉनवर आहे, बारीक टाच गवतात रुतणार. शिवाय टाच जितकी उंच, तितका अंगाचा भार चवड्यावर येतो, आणि तुला स्टेजजवळ तीन-चार तास उभं राहायचंय.

रुंद ब्लॉक हील बघ. उंची मोजताना पुढच्या सोलची जाडी वजा कर. टाच अडीच इंच आणि पुढे सोल अर्धा इंच असेल, तर पायाला चढ दोनच इंचांचा पडतो. तुझ्यासाठी तेवढाच ठीक. सोल फार जाड असलेले मात्र घेऊ नकोस, घोटा मुरगळतो.

खरी फसगत पुढच्या टोकाशी होते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात जा. त्याआधी कागदावर उभी राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढ, कापून घे आणि तो कागद बुटाच्या तळाशी धरून बघ. बोटांच्या जागी कागद बाहेर डोकावला, तर तो बूट बोटं दाबणारच. अशा वेळी दुकानदार एक नंबर मोठा देतो. घेऊ नकोस! टाच ढिली होते, पाऊल पुढे घसरतं आणि बोटं त्याच चिंचोळ्या टोकात जाऊन बसतात. गोल टोक घे, किंवा बोटं संपल्यानंतरच निमुळतं होणारं. घोट्याला पट्टा असेल तर पाऊल जागेवर राहतं.

पॅडचं म्हणशील तर बहुतेक जणी तो थेट चवड्याखाली चिकटवतात. छोटा, फुगीर पॅड चवड्याच्या जरासा मागे, टाचेच्या बाजूला यायला हवा, म्हणजे भार मागे वाटला जातो. आधी साध्या टेपने लावून घरात चाल. चवड्याखाली खडा टोचल्यासारखं वाटलं, तर आणखी थोडा मागे सरकव. आणि बूट मुळातच घट्ट असेल तर पॅड घालूच नकोस, जागा आणखी कमी होते. तिसऱ्या-चौथ्या बोटात आग किंवा मुंग्या आल्या, तर तो बूट त्या दिवशी तरी काढून ठेवायचा.

साडी नेसताना हील्स आधी पायात घाल, मगच निऱ्या खोच. जेवणानंतर सपाट चपला घालणार असशील, तर साडी दोन-अडीच इंच लोळेल. तेव्हा निऱ्या थोड्या वर खोचून घे, नाहीतर पायात येतील.

बूट घेतलेस की पायात घालून फोटो पाठव, बाजूने काढलेला.

तुझी,
वृंदा