सहा महिन्यांची अट रद्द झालेली नाही

महोदय,

आपल्या पुरवणीत एलएलबीच्या मुलांसाठी दिलेल्या नमुना उत्तरात दोन विधाने आहेत: संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट गेली आणि ‘विवाह पूर्णपणे मोडणे’ हे आता घटस्फोटाचे कारण झाले. मुलांनी हे जसेच्या तसे लिहिले, तर गुण गेलेच म्हणायचे. वर्गात मी नेहमी घालतो ते उदाहरण घ्या.

हिंदू जोडपे. १ मार्च २०२३ पासून आपसांत ठरवून वेगळे राहते. १० एप्रिल २०२४ रोजी दोघांनी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात संयुक्त अर्ज केला आणि लगोलग सहा महिन्यांची सूट मागितली. सप्टेंबरमध्ये पत्नीने संमती मागे घेतली. पती म्हणतो, संसार मोडलाच आहे, हुकूमनामा द्या.

आधी सूट. अर्जापूर्वी एक वर्ष वेगळे राहणे ही पहिली अट. ती पुरी झाली. पण अमरदीप सिंग (२०१७) निकालाने सहा महिने रद्द केलेले नाहीत, योग्य प्रकरणी माफ करण्याची मुभा कोर्टाला दिली. त्यात पहिली कसोटी अशी, की वर्ष आणि वर सहा महिने, म्हणजे दीड वर्षाचा दुरावा अर्जाआधीच झालेला हवा. इथे तेरा महिनेच भरतात. शिवाय समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा ताबा मिटलेला हवा. या कसोट्या उदाहरणादाखल आहेत, असे अमित कुमार (२०२१) निकालात म्हटले आहे. त्यामुळे पतीला युक्तिवादाला जागा आहे, हक्क नाही.

संमतीचा मुद्दा निर्णायक. सुरेष्टा देवी (१९९१) निकालानुसार हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकली पाहिजे. एकानेही ती काढून घेतली की १३-ब संपले. कारण पटो न पटो.

मग शिल्पा शैलेश (२०२३)? घटनापीठाने एका पक्षाचा विरोध असतानाही मोडलेला विवाह संपवता येतो असे ठरवले, पण अनुच्छेद १४२ खाली. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा, तोही हक्क म्हणून मागता येत नाही. पुण्याचे कौटुंबिक न्यायालयच काय, मुंबई उच्च न्यायालयही तो वापरू शकत नाही. हे कारण कलम १३ मध्ये घालणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केले, पण त्याचा कायदा झालाच नाही.

पतीला आता कलम १३ खाली स्वतंत्र अर्ज करून कारण शाबीत करावे लागेल. इथे हुशार मुलेही ‘दोन वर्षे परित्याग’ लिहून मोकळी होतात. पण दुरावा दोघांच्या मर्जीने होता, आणि परित्याग दुसऱ्याच्या संमतीविना व्हावा लागतो. तेव्हा क्रूरतेचे पुरावे असतील तर तेवढेच.

— कौटुंबिक कायद्याचा एक अध्यापक, पुणे