महिला फुटबॉल ‘नवा’ नाही, त्याचं मैदान काढून घेतलं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर महिला फुटबॉलविषयी लेख आला, याचा आनंद झाला. त्यातल्या एका वाक्याला मात्र माझी हरकत आहे. ‘पुरुषांच्या फुटबॉलला शंभर-दीडशे वर्षांची परंपरा आहे, महिलांचा खेळ आता कुठे बाळसं धरतोय’ असं लेखकानं म्हटलं आहे. वाचणाऱ्याचा समज असा होतो, की बायका या खेळाकडे उशिरा वळल्या. खरं तर त्या वेळेवर आल्या होत्या आणि त्यांना बाहेर काढलं गेलं.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावाचंच उदाहरण घ्या. तिथे ‘डिक, कर’ नावाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कामावर मुली आल्या. जेवणाच्या सुट्टीत अंगणात चेंडू खेळता खेळता त्यांचा संघ तयार झाला. 1917 च्या नाताळात गावातल्या मोठ्या मैदानावर त्यांनी जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सामना खेळला, तेव्हा दहा हजार लोक आले. लढाई संपली, पण गर्दी ओसरली नाही, उलट वाढली.

26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर हा संघ सेंट हेलेन्सच्या मुलींशी खेळला. आत 53,000 प्रेक्षक होते आणि हजारो लोक जागा नाही म्हणून दारातून परत गेले. संघाची हुकमी गोल करणारी फ्लॉरी रेडफर्ड हिची त्या दिवशी गाडी चुकली. पूर्वार्धात एकच गोल झाला. मग बचावात खेळणारी कर्णधार अ‍ॅलिस केल उत्तरार्धात स्वतः पुढे सरकली आणि तिनं तीन गोल केले. सामना 4-0. तिकिटांतून तीन हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली आणि ती बेकार माजी सैनिकांसाठी गेली. त्याच संघात लिली पार नावाची पंधरा वर्षांची मुलगी डाव्या बाजूनं खेळत होती. ती पुढे 1951 पर्यंत खेळत राहिली.

त्या सामन्याला वर्षही पूर्ण झालं नव्हतं, तेव्हा 5 डिसेंबर 1921 ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला, की फुटबॉल हा स्त्रियांना अजिबात न शोभणारा खेळ आहे, त्याला उत्तेजन देऊ नये. म्हणून संघटनेच्या सदस्य क्लबांनी आपली मैदानं अशा सामन्यांना देऊ नयेत. देणगीच्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो, असाही आरोप त्याला जोडला होता. लंडनच्या एका नामांकित डॉक्टरबाईंनी हा खेळ बाईच्या शरीराला झेपणारा नाही, असं मत दिलं. त्याच वर्षी खाणमालकांनी केलेल्या टाळेबंदीत अडकलेल्या खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी महिला संघांनी मदतीचे सामने खेळले होते आणि बड्या मंडळींना तेही रुचलं नव्हतं, असं काही इतिहासकार मानतात.

या ठरावाची खुबी नीट पाहायला हवी. बायकांनी चेंडूला पाय लावायचा नाही, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. बंदी मैदानावर होती. पण फुटबॉलमध्ये मैदान गेलं की काय काय जातं बघा. कुंपण गेलं, म्हणजे तिकीट गेलं. तिकीट गेलं, म्हणजे प्रवासखर्च आणि देणगी दोन्ही गेलं. स्टँड नाही, म्हणून पन्नास हजारांच्या जागी उद्यानाच्या कडेला उभे शे-दोनशे लोक. कपडे बदलायला खोली नाही. हळूहळू वर्तमानपत्रांतली बातमीही गेली आणि पुढच्या पिढीतल्या मुलीला असा काही खेळ होता हेच कळेनासं झालं. डिक, करच्या मुली खेळत राहिल्या, 1922 मध्ये अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशीही खेळल्या, पण असा संघ विरळा. इंग्लंडमधली बंदी उठली ती 1970-71 मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी.

हा एका देशाचा वेडेपणा नव्हता. ब्राझीलमध्ये 1941 साली तर सरकारनंच कायदा केला, की स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ तिनं खेळू नयेत, आणि 1965 च्या आदेशात फुटबॉलचं नाव स्पष्ट घातलं. ती मनाई 1979 पर्यंत टिकली. पश्चिम जर्मनीच्या महासंघानं 1955 मध्ये क्लबांना महिला विभाग काढायला आणि मैदान द्यायला मनाई केली. 1970 मध्ये परवानगी दिली तीही अटी घालून: सामना 70 मिनिटांचा, चेंडू हलका, बुटांना खिळे नाहीत आणि थंडीचे महिने सुट्टी. 1989 मध्ये याच जर्मन महिला युरोपच्या विजेत्या झाल्या, तेव्हा बक्षीस म्हणून महासंघानं त्यांना कॉफीचा कपबशी संच दिला.

म्हणून आजची वाढ मोजताना सुरुवात कुठून धरायची, हा माझा मुद्दा आहे. महिलांचा पहिला अधिकृत विश्वचषक 1991 मध्ये चीनमध्ये झाला आणि तेव्हाही सामने 80 मिनिटांचेच ठेवले होते. 2022 मध्ये वेम्बलीवर युरोप स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला 87,192 लोक आले. समोरासमोर होते इंग्लंड आणि जर्मनी, मैदानाचं दार लावून घेणारे तेच दोन देश. क्लबांच्या सामन्यांचं बघितलं, तर 1920 च्या त्या 53,000 चा आकडा इंग्लंडमध्ये ओलांडला गेला तो 2023 मध्ये. मधली शंभर वर्षं बायकांना आवड नव्हती म्हणून गेली नाहीत.

हे मी इतक्या पोटतिडकीनं लिहिते, कारण मैदानाचा प्रश्न मला घरात दिसतो. कोल्हापुरात फुटबॉल आम्हाला कुणी शिकवायला नको, इथे पेठापेठांत तो रक्तात आहे. माझी मुलगी बारा वर्षांची असल्यापासून खेळते. तिच्या गटाला सरावासाठी एका मैदानावर वेळ मिळते ती दुपारी दोनची, कारण सकाळ-संध्याकाळ मुलांच्या संघांची असते. एप्रिलमध्ये दोन वाजता मातीत पाय ठेवून बघावा. सामन्यांचा हंगाम आला, की ती वेळही रद्द होते, तसा निरोप पालकांच्या ग्रुपवर आदल्या रात्री येतो. कपडे बदलायच्या खोलीला कुलूप असतं, किल्ली कुणाकडे असते ते त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. मुली घरूनच किट घालून, वरून पंजाबी ड्रेस चढवून येतात. अठरा जणी होत्या, आता अकरा उरल्या आहेत. त्यांना कुणी खेळू नका म्हटलेलं नाही.

2022 मध्ये मुलींच्या 17 वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याच नवी मुंबईत झाला, तो पाहायला आम्ही रात्रीचा प्रवास करून गेलो होतो. दिव्यांखालचं ते हिरवं मैदान पाहून माझी मुलगी पहिलं वाक्य बोलली, ‘आई, इथे यांना संध्याकाळी खेळायला देतात.’

माझी विनंती एवढीच, की आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या मैदानांची वेळापत्रकं मागवावीत आणि मुलींना आठवड्यात किती तास, कोणत्या वेळी मिळतात, ते छापावं. आणि त्या लेखातल्या ‘आता कुठे बाळसं धरतोय’ या वाक्याची दुरुस्तीही जरूर द्यावी. 1920 चा तो सामना झाला ते गुडिसन पार्क एव्हर्टन क्लबचं मैदान. क्लबचा पुरुष संघ 2025 मध्ये नव्या स्टेडियममध्ये गेला, त्यानंतर ते पाडायचं असं आधी ठरलं होतं. ते आता पाडलं जाणार नाही. तिथे एव्हर्टनचा महिला संघ खेळतो.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर